बाकी दोन हजारांची, भुर्दंड अडीच हजारांचा! क्रेडिट कार्डचा ‘व्याजमुक्त काळ’ नेमका कधी संपतो?

बिलातले ९५ टक्के पैसे मुदतीत भरले, तरी पुढच्या महिन्यात व्याज लागते. तेही न भरलेल्या पाच टक्क्यांवर नाही, तर जवळपास सगळ्यावर. शिवाय मधल्या काळात कार्डवर घेतलेल्या नव्या वस्तूंवरही. हे कसे घडते, ते तारखा आणि आकड्यांसह समजून घेऊ.

समजा, ठाण्यातील एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंकडे एक क्रेडिट कार्ड आहे. त्यांचे बिल दर महिन्याच्या १५ तारखेला तयार होते आणि ते भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ५ असते. गणपतीच्या आधी, २० ऑगस्टला त्यांनी कार्डवर ३०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. १० सप्टेंबरला मुलासाठी १०,००० रुपयांचा मोबाइल घेतला. १५ सप्टेंबरला ४०,००० रुपयांचे बिल आले. ५ ऑक्टोबरला, म्हणजे शेवटच्या तारखेलाच, बाईंनी ३८,००० रुपये भरले. महिना ओढाताणीचा होता, म्हणून उरलेले दोन हजार पुढच्या बिलात देऊ, असे त्यांनी ठरवले. दोन हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के म्हटले तरी ७० रुपये, एवढाच त्यांचा हिशेब.

१५ ऑक्टोबरच्या बिलात व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून २,५५८ रुपये लागले होते. बाकी राहिलेल्या रकमेपेक्षाही जास्त.

यात बँकेची चूक नाही आणि कुठले छुपे शुल्कही नाही. बाईंनी व्याज ज्या पद्धतीने मोजले, त्या पद्धतीने क्रेडिट कार्डचे व्याज मोजलेच जात नाही.

‘५० दिवस व्याजमुक्त’ म्हणजे काय?

कार्ड घेताना ‘५० दिवसांपर्यंत व्याज नाही’ असे सांगितले जाते. यातला ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. बाईंच्या कार्डचे बिलिंग सायकल, म्हणजे बिलाचा महिना, १६ तारखेला सुरू होतो आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला संपतो. या काळातली सगळी खरेदी एका बिलात येते. त्यानंतर पैसे भरायला साधारण २० दिवस मिळतात. १६ ऑगस्टला घेतलेल्या वस्तूचे पैसे ५ ऑक्टोबरपर्यंत द्यायचे असतात, म्हणजे बरोबर ५० दिवस. तीच वस्तू १५ सप्टेंबरला घेतली असती, तर ती त्याच दिवशीच्या बिलात आली असती आणि मुदत मिळाली असती फक्त २० दिवसांची. बाईंच्या फ्रिजला ४६ दिवस मिळाले होते, मोबाइलला २५.

इथपर्यंतचे गणित अनेकांना माहीत असते. बिलाच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी मोठी खरेदी करायची, ही युक्तीही घरोघरी सांगितली जाते. मात्र हे सगळे दिवस एका अटीवर मिळतात, आणि ती अट जाहिरातीत ठळक नसते. बिलावर ‘टोटल अमाउंट ड्यू’ म्हणून जी रक्कम छापलेली असते, ती पूर्ण आणि शेवटच्या तारखेपर्यंत बँकेकडे जमा झाली पाहिजे.

याचे कारण व्यवहाराच्या रचनेतच आहे. दुकानात कार्ड वापरले की दुकानदाराला त्याचे पैसे एक-दोन दिवसांत मिळतात. ते बँक देते. म्हणजे ग्राहकाच्या नावावरचे कर्ज खरेदीच्या दिवसापासूनच उभे राहते. बिल वेळेत पूर्ण भरले, तर बँक या मधल्या दिवसांचे व्याज आकारत नाही. अट मोडली, की ही माफी मागे घेतली जाते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजले जाते. शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून मीटर सुरू होते, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात मीटर आधीच सुरू असते, फक्त भाडे माफ असते.

२,५५८ रुपये आले कुठून?

बाईंच्या कार्डचा व्याजदर महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के धरू. देशातील बऱ्याच कार्डांचा दर याच्या आसपास असतो. व्याज रोजच्या हिशेबाने लागते: रक्कम, गुणिले दिवस, गुणिले वार्षिक दर, भागिले ३६५.

फ्रिजचे ३०,००० रुपये २० ऑगस्टपासून ५ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे ४६ दिवस बँकेचे वापरले गेले. त्याचे व्याज झाले १,५८८ रुपये. मोबाइलच्या १०,००० रुपयांचे २५ दिवसांचे व्याज २८८ रुपये. ५ ऑक्टोबरला ३८,००० जमा झाले, तेव्हापासून १५ ऑक्टोबरपर्यंत उरलेल्या २,००० रुपयांवर दहा दिवसांचे व्याज लागले, ते अवघे २३ रुपये. बाईंच्या डोक्यात होते ते व्याज हेच. आणि सगळ्या हिशेबात सर्वात लहान आकडाही हाच आहे.

आता नवी खरेदी पाहू. १८ सप्टेंबरला बाईंनी किराणा आणि औषधांवर ६,००० रुपये खर्च केले होते. ७ ऑक्टोबरला गावी जाण्याची तिकिटे काढली, ९,००० रुपयांची. हे दोन्ही खर्च १५ ऑक्टोबरच्या बिलातले. त्यांचे पैसे भरायची शेवटची तारीख ५ नोव्हेंबर, म्हणजे अजून तीन आठवडे लांब. तरीही किराण्यावर २७ दिवसांचे १८६ रुपये आणि तिकिटांवर आठ दिवसांचे ८३ रुपये व्याज त्याच बिलात लागले. एकूण व्याज २,१६८ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३९० रुपये. बेरीज २,५५८.

यातला किराण्याचा खर्च नीट पाहण्यासारखा आहे. १८ सप्टेंबरला बाई कशातही थकलेल्या नव्हत्या. आधीच्या बिलाची मुदत अजून १७ दिवस होती. त्या दिवशी ती खरेदी व्याजमुक्तच होती. ५ ऑक्टोबरला दोन हजार कमी पडले आणि १८ सप्टेंबरच्या खरेदीची सवलत मागच्या तारखेपासून गेली. ७ ऑक्टोबरच्या तिकिटांना तर ती मिळालीच नाही. जुनी बाकी कार्डवर असेपर्यंत नव्या खरेदीला व्याजमुक्त काळ नसतो, तो हा असा. तिकीट काढल्या क्षणापासून त्या नऊ हजारांवर ४२ टक्के दराचे कर्ज सुरू झाले.

मोजण्याचे तपशील बँकेनुसार थोडे बदलतात. व्याज व्यवहाराच्या तारखेपासून धरायचे की तो खात्यात नोंदला गेल्यापासून, दोन्ही टोकांचे दिवस मोजायचे की एकच, आधीच भरलेल्या भागाचा हिशेब कसा करायचा, यात फरक पडू शकतो. त्यामुळे दहा-वीस रुपये इकडेतिकडे होतील, काही वेळा जास्तही. प्रत्येक बँकेच्या नियमपत्रकात, म्हणजे ‘मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स’मध्ये, व्याजाचे एक सोडवलेले उदाहरण असते. आपल्या कार्डापुरते खरे उत्तर तेच.

मग कुणी सांगितले का नाही?

बाईंना दंडाचा एकही एसएमएस आला नाही. विलंब शुल्क लागले नाही. क्रेडिट स्कोअरलाही उशिराचा डाग लागला नाही. कारण या गोष्टी ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ या दुसऱ्या आकड्याशी बांधलेल्या असतात. ही किमान रक्कम साधारणपणे एकूण बिलाच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते आणि बाईंनी तिच्या कितीतरी पट जास्त भरले होते. बँकेच्या लेखी त्या नियमित ग्राहक आहेत.

गोंधळ इथेच होतो. बिलावर दोन आकडे असतात आणि त्यांची कामे वेगळी असतात. किमान रक्कम भरली की थकबाकीदार ठरण्यापासून सुटका होते. व्याजापासून सुटका फक्त पूर्ण रक्कम भरल्यावर होते. या दोहोंच्या मधली कोणतीही रक्कम भरली, मग ती ५,००० असो की ३८,०००, सवलत जायची ती जातेच. जास्त भरल्याचा फायदा इतकाच, की भरल्या दिवसापासून पुढचे व्याज कमी रकमेवर लागते.

रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डांबाबत २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत याची दखल आहे. आधीच्या महिन्याच्या बिलातील बाकी राहिली तर व्याजमुक्त काळ स्थगित होतो, हे बँकांनी नियमपत्रकात स्पष्ट सांगावे आणि फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड किती लांबते याचा इशारा बिलावर द्यावा, असे त्यात म्हटले आहे. इशारा बिलावर असतोही. मात्र आता बिल मोबाइलवर पाहिले जाते. अॅपमध्ये एक रक्कम आणि ‘पे नाऊ’चे बटण दिसते. पीडीएफचे दुसरे पान उघडायची वेळ सहसा येतच नाही.

याच निर्देशांमधली तीन दिवसांची तरतूदही अनेकदा चुकीची समजली जाते. शेवटची तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय बँकेला विलंब शुल्क लावता येत नाही आणि खाते थकीत असल्याचे क्रेडिट ब्युरोला कळवता येत नाही. ही सवलत दंडाबाबतची आहे. त्यामुळे व्याजमुक्त काळही तीन दिवसांनी वाढला, असे गृहीत धरू नये.

व्याजाला कमाल मर्यादा आहे का?

राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये, क्रेडिट कार्डवर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे तीस टक्क्यांची ती मर्यादा आता लागू नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांशी याबाबत बोलताना थोडे जपून. तिथल्या २००९ च्या कार्ड कायद्यानुसार, बिलाचा जो भाग मुदतीत भरला त्यावर, सवलत गेली म्हणून व्याज लावता येत नाही. बाईंच्या उदाहरणातले मुदतीत भरलेले ३८,००० तिथे व्याजातून सुटले असते. जुनी बाकी राहिली की नव्या खरेदीची सवलत मात्र तिथेही सहसा जाते. तेव्हा तिकडचा अनुभव इकडच्या कार्डाला जसाच्या तसा लावता येत नाही.

पूर्ण पैसे भरले, तरी पुन्हा व्याज का?

बाईंची गोष्ट १५ ऑक्टोबरला संपत नाही. त्या बिलात जुने २,०००, नव्या खरेदीचे १५,००० आणि व्याज-जीएसटीचे २,५५८ मिळून १९,५५८ रुपये होते. धडा घेऊन त्यांनी ५ नोव्हेंबरला ती रक्कम पै-पैसह भरली. मध्ये २० ऑक्टोबरला दिवाळीच्या कपड्यांवर १२,००० रुपये खर्च झाले होते. आता सगळे मिटले, असे वाटत असतानाच १५ नोव्हेंबरच्या बिलात पुन्हा व्याज दिसले.

कारण बिल १५ ऑक्टोबरपर्यंतचे व्याज मोजून तयार झाले होते, आणि पैसे जमा झाले ५ नोव्हेंबरला. मधल्या २१ दिवसांत १७,००० रुपयांची मुद्दल कार्डवर उभीच होती. तिचे व्याज ४११ रुपये, जीएसटीसह ४८५. आधीच्या व्याजावर पुन्हा लागणारे व्याज यात धरलेले नाही. हे मागे राहिलेले शेपूट आहे. बिल पूर्ण भरूनही ते एकदा येतेच, आणि ‘बँकेने फसवले’ म्हणून कस्टमर केअरला फोन जातो तो याच वेळी.

दिवाळीच्या कपड्यांचे काय, हे बँकेवर अवलंबून असते. ५ नोव्हेंबरला पूर्ण बिल भरले म्हणून काही बँका त्या महिन्याच्या खरेदीला सवलत परत देतात. काही बँका मात्र, खरेदी केली त्या दिवशी जुनी बाकी होती, एवढे पुरेसे धरतात. तसे झाले तर १२,००० रुपयांवर २० ऑक्टोबरपासूनचे २६ दिवसांचे आणखी ३५९ रुपये, अधिक जीएसटी. आपल्या बँकेचा नियम कोणता, हे कस्टमर केअरला थेट विचारावे. प्रश्न असा विचारावा: ‘व्याजमुक्त काळ परत मिळायला किती बिले सलग पूर्ण भरावी लागतील?’ उत्तर ईमेलवर मागितलेले बरे.

रक्कम कमी पडते ती कशी?

प्रत्येकाची बाईंसारखी ओढाताण असतेच असे नाही. अनेकदा पैसे असूनही सवलत जाते. सर्वात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे ऑटो-पे. कार्डचे बिल आपोआप भरण्याची सोय सुरू करताना ‘पूर्ण रक्कम’ की ‘किमान रक्कम’ असा पर्याय विचारला जातो. घाईत किमान रकमेवर बोट पडले, तर दर महिन्याला ‘पेमेंट यशस्वी’ असा संदेश येत राहतो आणि व्याज वाढत राहते. ज्यांनी कधीतरी ऑटो-पे सुरू केले आणि नंतर पाहिलेच नाही, त्यांनी अॅपमध्ये हा एक पर्याय आजच तपासावा.

दुसरे कारण ऑनलाइन परताव्याचे. वस्तू परत केली, आता पैसे येतीलच, म्हणून तेवढी रक्कम वजा करून बिल भरले जाते. परतावा शेवटच्या तारखेपूर्वी कार्डवर जमा झाला असेल, तर तो त्या बिलातून वजा व्हायला हवा. वाटेत असलेला परतावा मात्र हिशेबात धरला जात नाही. तेव्हा पूर्ण भरावे. परतावा नंतर येऊन कार्डवर जमा राहील, तो कुठे जात नाही. शेवटच्या संध्याकाळी दुसऱ्या अॅपवरून पैसे पाठवणे हेही असेच. आपल्या खात्यातून रक्कम गेली तो क्षण मोजला जात नाही, कार्डच्या खात्यात जमा झाली तो दिवस मोजला जातो.

आणि रोख रक्कम. क्रेडिट कार्डवर एटीएममधून काढलेल्या पैशांना व्याजमुक्त काळ मुळात नसतोच. पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर काढणावळ.

सवलत गेली हे कसे ओळखायचे, आणि परत कशी मिळवायची?

बिलाच्या पीडीएफमध्ये व्यवहारांच्या यादीत ‘फायनान्स चार्जेस’ किंवा ‘इंटरेस्ट’ अशी ओळ आणि तिच्या खाली जीएसटीची ओळ दिसली, की सवलत गेली असे समजावे. रक्कम ४० रुपये असो की ४,०००. उलट ती ओळ नसेल, तर सवलत चालू आहे. अॅपच्या पहिल्या पडद्यावर हे सहसा दिसत नाही, त्यासाठी बिलच उघडावे लागते.

ओळ दिसली की त्या कार्डवर नवी खरेदी बंद करणे हे पहिले काम. दूध-भाजीपासून पेट्रोलपर्यंत सगळे काही दिवस डेबिट कार्ड, यूपीआय किंवा रोखीने. कार्डवर रूपे-यूपीआय जोडले असेल, तर स्कॅन करताना पैसे कोणत्या खात्यातून जात आहेत ते पाहावे. ओटीटी किंवा विम्याचे आपोआप कापले जाणारे हप्तेही दुसरीकडे वळवावेत.

दुसरे, शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. सवलत चालू असताना शेवटच्या दिवशी पैसे भरणे शहाणपणाचे असते. ती गेल्यावर प्रत्येक दिवस विकत घ्यावा लागतो. बाईंनी १९,५५८ रुपये ५ नोव्हेंबरऐवजी १८ ऑक्टोबरला भरले असते, तर २१ दिवसांऐवजी तीनच दिवसांचे व्याज लागले असते, ४११ ऐवजी सुमारे ५९ रुपये. भरताना बिलातली रक्कम नाही, तर अॅपमध्ये दिसणारी त्या दिवसाची एकूण बाकी भरावी. त्यात बिलानंतरची खरेदीही येते. त्यानंतर एक शेपटाचे बिल येईल, तेही पूर्ण भरावे. ‘फायनान्स चार्जेस’ची ओळ नसलेले बिल हातात आले, की कार्ड पुन्हा वापरायला हरकत नाही.

पूर्ण रक्कम जमणारच नाही हे आधीच कळले असेल, तर मोठ्या खरेदीचे शेवटच्या तारखेपूर्वी हप्ते करून घेण्याचा पर्याय असतो. हप्त्यांचा व्याजदर सहसा ४२ टक्क्यांपेक्षा बराच कमी असतो आणि हप्त्यांत गेलेली रक्कम त्या बिलातून बाजूला होते. प्रक्रिया शुल्क लागते, व्याजावर जीएसटी लागतो, आणि उरलेले बिल अधिक हप्ता मात्र वेळेत पूर्ण भरावा लागतो. बाईंनी फ्रिजचे हप्ते केले असते, तर मोबाइल, किराणा आणि तिकिटे व्याजातून वाचू शकली असती. तेवढे बचत खात्यात पडून असेल, तर हप्त्यांपेक्षा ते काढून बिल मिटवणे कधीही स्वस्त.

पगार आणि शेवटची तारीख जुळत नसल्यामुळे दर महिन्याला हजार-दोन हजार कमी पडत असतील, तर बिलाची तारीखच बदलून घेता येते. बिलिंग सायकल किमान एकदा बदलण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा, असे बंधन रिझर्व्ह बँकेने कार्ड देणाऱ्या बँकांवर घातलेले आहे. पगार १ तारखेला होत असेल, तर शेवटची तारीख ५ ते १० च्या दरम्यान येईल अशी मागावी. अनेक बँकांमध्ये अॅपवरून किंवा फोनवर ही विनंती करता येते. बदल होताना एक बिल नेहमीपेक्षा लहान किंवा मोठे येते. ते बिल पूर्ण भरले गेले ना, हे त्या महिन्यात स्वतः पाहावे.